जाहिरात होस्टच्या तोंडची वाटायला हवी, तर आधी तिला डबा घासू द्या

प्रश्न: मी एका मराठी पॉडकास्टचं एडिटिंग करतो. होस्ट ताई गप्पा सुंदर मारतात, पण प्रायोजकाची स्क्रिप्ट हातात आली की रेल्वेच्या अनाउन्समेंटसारख्या वाचतात. कंपनीला सगळे मुद्दे हवेत आणि ऐकणाऱ्याला एकही आठवत नाही. स्क्रिप्टमध्ये मी नेमकं काय बदलू?

उत्तर:

स्क्रिप्टमधले शब्द सोपे करत बसू नका. पहिली तीनएक वर्षं मी तेच करत होते. ‘भोजन’ खोडून ‘जेवण’ लिहायचं, ‘आपण’ खोडून ‘तुम्ही’, आणि वाटायचं की झाली स्क्रिप्ट बोलीभाषेत. होस्टने वाचली की पुन्हा तीच अनाउन्समेंट. कारण शब्द बदलले तरी मुद्द्यांचा क्रम कंपनीचाच राहतो. आधी समस्या, मग उपाय, मग गुणांची यादी, मग सवलत. घरी गप्पा मारताना कुणी या क्रमाने बोलत नाही. म्हणून आपल्याला काम करायचं आहे ते वाक्यांच्या खाली, म्हणजे काय सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची यावर.

मागच्या पावसाळ्यात केलेली एक जाहिरात उलगडून दाखवते. स्टीलचे जेवणाचे डबे बनवणारी कंपनी होती. नाव इथे घेत नाही. आमची होस्ट विक्रोळीला राहते, फोर्टमध्ये नोकरी करते आणि लोकलच्या लेडीज डब्यात जे घडतं त्यावर पॉडकास्ट करते. तिलाही सगळे ताईच म्हणतात. कंपनीकडून आलेली स्क्रिप्ट अशी होती:

> आजच्या धावपळीच्या जीवनशैलीत आरोग्यदायी घरगुती भोजन ही काळाची गरज आहे. म्हणूनच आम्ही घेऊन आलो आहोत प्रीमियम 304 ग्रेड स्टेनलेस स्टीलचा, 100 टक्के लीक-प्रूफ लंच बॉक्स. तीन प्रशस्त कप्पे, सहज काढता येणारी सिलिकॉन सील आणि आकर्षक डिझाइन यांमुळे आपला भोजनाचा अनुभव होईल अधिक आनंददायी. आजच आमच्या वेबसाइटला भेट द्या, DABBA15 हा कोड वापरा आणि मिळवा 15 टक्के सवलत. ऑफर 31 ऑगस्टपर्यंत.

या स्क्रिप्टला हात लावण्याआधी मी दोन गोष्टी केल्या. डबा ताईकडे पाठवला आणि तीन आठवडे रोज वापरायला सांगितला. फोटो काढण्यापुरता नाही, रोज भरायचा, न्यायचा आणि स्वतः घासायचा. ‘स्वतः घासायचा’ हे मी मुद्दाम सांगते. वस्तूची खरी ओळख तिची निगा राखताना होते, आणि तिथे सापडलेलं सहसा कंपनीच्या कागदावर ठळक अक्षरांत नसतं.

दुसरं म्हणजे ताईचा एक जुना भाग काढला. ती रंगात येऊन काहीतरी सांगते आहे अशी दहा मिनिटं निवडली आणि शब्दन् शब्द उतरवून काढला. अडखळणं, ‘म्हणजे’, ‘हां’, सगळं. हे काम कंटाळवाणं आहे, पण एका होस्टसाठी एकदाच करावं लागतं. त्यातून कळलं की ताईची वाक्यं पाच-सहा शब्दांची असतात. एक लांब वाक्य आलं की त्याच्या पाठीवर एका शब्दाचं वाक्य येतं: ‘खरंच.’ किंवा ‘बस.’ ती प्रश्न विचारते आणि उत्तराला थांबत नाही. विशेषणं जवळजवळ वापरत नाही. एखादी गोष्ट छान आहे असं म्हणण्याऐवजी ती तिचं काय करते ते सांगते. आणि ‘मित्रांनो’ ती आयुष्यात म्हणालेली नाही. हे सगळं मी अर्ध्या पानावर लिहून ठेवलं. तुमच्या ताईंचं पान वेगळं निघेल. कदाचित त्या लांब वाक्यांच्या असतील, म्हणींच्या असतील. ते पान हातात असलं की ‘हे त्यांच्यासारखं वाटत नाही’ या मोघम तक्रारीऐवजी ‘त्या तीन विशेषणं ओळीने वापरत नाहीत’ असं नेमकं सांगता येतं. कंपनीशी बोलताना त्याचा फार उपयोग होतो.

तीन आठवड्यांनी ताईला फोन केला. रेकॉर्डर चालू ठेवला (तिला सांगून) आणि विचारलं, डबा कसा आहे? ‘बरा आहे’ म्हणाली. इथे बहुतेक जण थांबतात आणि कागदाकडे वळतात. थांबू नका. ‘कसा वाटला’ विचारलं की मत मिळतं. ‘काल घरी आल्यावर डब्याचं काय केलंस’ असं विचारलं की गोष्ट मिळते. मी तेच विचारलं, आणि ती म्हणाली, ‘अगं, काय सांगू, ह्याच्या रिंगला जीभ आहे.’

झाकणाच्या आत आमटी सांडू नये म्हणून सिलिकॉनची रिंग असते. ती खाचेत घट्ट बसलेली असते, तेल-मसाल्याचा वास धरते आणि खाली ओल राहिली तर खाचेत काळं धरतं. म्हणून ती काढून धुवावी लागते, आणि बोटाने ती निघत नाही. ताईच्या बेसिनवर त्यासाठी एक सेफ्टी पिन ठेवलेली असायची. या डब्याच्या रिंगला बाहेर आलेला एक इवलासा तुकडा होता, धरून ओढायला. कंपनीने तो ‘सहज काढता येणारी सिलिकॉन सील’ या पाच शब्दांत गाडून टाकला होता. ताईने त्याला जीभ म्हटलं आणि पिनेची गोष्ट सांगितली. मला जाहिरात मिळाली.

आता हाच तपशील का, 304 स्टील का नाही? मी प्रत्येक मुद्द्याला दोन प्रश्न विचारते. शेजारच्या कंपनीलाही हे जसंच्या तसं म्हणता येईल का? स्टील, तीन कप्पे, आकर्षक डिझाइन, सगळे इथेच गळतात. दुसरा प्रश्न, भांडी घासता घासता ऐकणाऱ्या बाईला हे डोळ्यांसमोर दिसेल का? 304 म्हणजे साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेलं स्टील. माहिती उत्तम आहे, पण कानाला ती नुसता आकडा म्हणून ऐकू येते. तिची जागा भागाखालच्या लिखित वर्णनात, आणि मी ती तिथे टाकली. रिंगेचा तपशील दोन्ही प्रश्नांतून पार पडला. शिवाय आमटी सांडत नाही हा कंपनीचा लाडका मुद्दाही त्यातच बसला, कारण रिंग कशासाठी असते हे सांगितल्याशिवाय जीभ सांगताच येत नाही. चांगला तपशील असा एकदोन मुद्दे स्वतःच्या पाठीवर घेऊन येतो. तेव्हा कंपनीला ‘तुमचे मुद्दे काढले’ असं सांगावं लागत नाही.

इथे मी एकदा चांगलीच आपटले आहे, तेही सांगते. एका गादीच्या जाहिरातीत होस्टने आजोबांच्या घोरण्याची अफलातून गोष्ट सांगितली होती. आम्ही स्टुडिओत हसून लोळलो. मी ती अख्खी ठेवली. नंतर ज्याला विचारावं त्याला आजोबा आठवत होते. गादी होती की पंखा होता, कुणालाच सांगता येईना. गोष्ट गादीला लागून नव्हतीच. गादीच्या जागी उशी, कापूस, एसी काहीही ठेवलं तरी आजोबा तसेच घोरले असते. तेव्हापासून मी तपासते की गोष्टीचा कळस वस्तूवर पडतो आहे का. सेफ्टी पिनेची गोष्ट जिभेशिवाय संपतच नाही. ती चालते.

मग मी फोनवरचं बोलणं उतरवलं आणि त्यातूनच स्क्रिप्ट कापली. कंपनीच्या कागदातून फक्त चार गोष्टी उचलल्या: नाव, वस्तू, कोड, तारीख. शेवटचा मसुदा असा झाला:

> थांबा, आता एक जाहिरात. पैसे घेऊन केलेली आहे, आधीच सांगते. (कंपनीचं नाव), त्यांचा डबा. तीन आठवडे रोज नेतेय, विक्रोळी ते फोर्ट. तर डब्याच्या झाकणात ती रिंग असते, माहितीये ना? आमटी पर्समध्ये सांडू नये म्हणून. माझ्या जुन्या डब्याची रिंग काढायला मी सेफ्टी पिन वापरायचे. खरंच. बेसिनवर एक पिन असायची, फक्त त्यासाठी. नाही काढली, की खाली काळं धरायचं, आणि कालच्या लसणीचा वास आजच्या शिऱ्याला. ह्या डब्याच्या रिंगला ना, एक इवलीशी जीभ आहे. ती धरायची, ओढायची, रिंग हातात. धुतली, बसवली. बस. पिन परत साडीला गेली. तर (कंपनीचं नाव), तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. वेबसाइटवर LOCAL15 हा कोड टाका, पंधरा टक्के कमी होतील, 31 ऑगस्टपर्यंत. झाली जाहिरात. हां, तर आपण कुर्ल्याला कुठे होतो?

ताईच्या वेगाने हे मिनिटाच्या आत-बाहेर बसतं. शब्द मोजून अंदाज बांधू नका, घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मराठीत जोडशब्द आणि विभक्तीमुळे कागदावर शब्द कमी दिसतात आणि तोंडात जास्त वेळ घेतात.

आता यातल्या काही जागा जवळून बघू.

‘100 टक्के लीक-प्रूफ’ मी काढलं. ताईने डबा आडवा टाकून, उलटा धरून, गर्दीत चेपून शंभर वेळा पाहिलेला नाही. तिने पाहिलं ते एवढंच की रिंग आमटी अडवण्यासाठी आहे आणि ती धुता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांचा रोखही हाच आहे की स्वतः वापरून किंवा पारखून न पाहिलेल्या वस्तूची शिफारस करू नये. शंभर टक्के म्हणायचं असेल तर ते कंपनीने तिच्या वेबसाइटवर, स्वतःच्या नावाने म्हणावं. होस्टच्या तोंडी तेच वाक्य तिची साक्ष होतं, आणि पहिल्या सांडलेल्या डब्याचा मेसेज ताईला येतो, कंपनीला नाही.

सुरुवातीचं ‘आता एक जाहिरात’ आणि शेवटचं ‘झाली जाहिरात’ हे दोन्ही ठेवायचेच. एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात ऑडिओसाठी सुरुवातीला आणि शेवटी जाहिरात असल्याचं स्पष्ट बोलून सांगायला सांगितलं आहे. नवे एडिटर याला घाबरतात. त्यांना वाटतं की जाहिरात म्हटलं की लोक पुढे ढकलतील, म्हणून ‘आज तुम्हाला एक गंमत सांगते’ अशी चोरपावलांची सुरुवात करतात. मला तो प्रकार आवडत नाही. ऐकणाऱ्याला विसाव्या सेकंदाला कळतंच, आणि मग आधीच्या गप्पांवरही त्याचा संशय बसतो. ताईच्या शैलीत उघडपणे सांगितलं की उलट ती ताईच वाटते.

कोडची कथा थोडी लांब आहे. कंपनीने दिला होता DABBA15. आता ताई म्हणणार ‘डबा पंधरा’. ऐकणारी टाइप करणार DABA15, किंवा DABBA15, किंवा DABAA15. मराठी शब्द रोमन लिपीत लिहायची प्रत्येकाची आपली रीत असते. कोड चुकला की सवलत मिळत नाही, आणि कंपनीला मात्र वाटतं की जाहिरात ऐकलीच नाही कुणी, कारण ती विक्री कोडवरूनच मोजते. म्हणून मी LOCAL15 मागितला. या शब्दाचं स्पेलिंग मुंबईत कुणाला विचारावं लागत नाही, आणि शोशी नातंही जुळतं. कंपनी नाव बदलायला तयार नसेल तर सगळी संभाव्य स्पेलिंगं चालू करून घ्या. त्यांच्या वेबसाइटवाल्या माणसाचं ते थोड्या वेळाचं काम असतं. कोड भागाखालच्या वर्णनातही टाका.

कंपनीचं नाव दोनदाच आहे, एकदा गोष्टीआधी आणि एकदा गोष्ट संपल्याबरोबर. त्यांना पाच वेळा हवं होतं. मी म्हटलं, पिन साडीला गेली त्या क्षणी कान उघडे असतात, नाव तिथे बसू द्या. मधे घातलं तर गोष्ट तुटते.

आणि ‘काळं धरायचं’. त्यावरून दोन दिवस गेले. आमच्या वस्तूच्या जाहिरातीत बुरशीसारखं काही नको, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं नव्हतं ते, कारण नुसतं ऐकलं तर कुणाच्या डब्याला काळं धरलं यात घोटाळा होऊ शकतो. पहिल्या मसुद्यात ‘जुन्या’ हा शब्द नव्हता, तो मी त्यानंतर घातला. पण काळं ठेवलं. ते काढलं असतं तर पिन कशासाठी हेच कळलं नसतं. दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नाव घेतलेलं नाही, त्यामुळे कुणाची बदनामीही नाही.

मंजुरीसाठी कंपनीला नुसता कागद कधीही पाठवू नका. कागदावर ‘बस.’ हे वाक्य उघडंबोडकं दिसतं, आणि वाचणाऱ्याला तिथे ‘प्रीमियम’ घालावंसं वाटतं. मी होस्टच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड केलेलं मिनिटभर आणि खाली मजकूर असं एकत्र पाठवते, आणि सोबत लिहिते की आधी ऐका. बदलांच्या दोन फेऱ्या, त्याही लेखी, हे पैसे ठरतानाच ठरवून घ्या.

रेकॉर्डिंगच्या वेळी ताईच्या हातात मसुदा द्यायचा नाही. तो दोनदा वाचून बाजूला ठेवायला लावते आणि पुठ्ठ्यावर चारच गोष्टी लिहून देते: जाहिरात, पिन-जीभ, नाव आणि कोड-तारीख, झाली जाहिरात. तीन टेक घेते. पहिल्यात ती काहीतरी विसरते, दुसरा सगळ्यात बरोबर आणि सगळ्यात निर्जीव असतो, तिसऱ्यात सहसा हवं ते मिळतं. समोर कुणीतरी माणूस बसवा. त्या जाहिरातीला मी स्वतः माइकच्या पलीकडे बसले होते, आणि ‘आजच्या शिऱ्याला’ म्हणताना ताईने माझ्याकडे बघून नाक मुरडलं, ते आवाजात आलं.

कापताना ‘ना’, ‘तर’, ‘खरंच’च्या आधीचा श्वास, हे साफ करू नका. भागात तुम्ही ते ठेवता आणि जाहिरातीत पुसता, आणि तिथेच कानाला कळतं की माणूस बदलला. दोन टेक जोडताना वाक्याच्या शेवटचा सूर बघा. पुढे आणखी आहे अशा चढत्या सुरावर वाक्य तोडून त्याला दुसऱ्या टेकची सुरुवात चिकटवली की शब्द बरोबर असूनही तुकडा खटकतो.

जाहिरात भागाच्याच बैठकीत, त्याच माइकवर, गप्पांच्या मध्येच रेकॉर्ड झाली तर उत्तम. नंतर वेगळी केलीत तर खोलीचा आवाज दगा देतो. माझ्याकडे एकदा मे महिन्यातल्या भागात जुलैत रेकॉर्ड केलेली जाहिरात आली होती, आणि मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. वेगळं करावंच लागलं तर तीच खोली, पंखा भागात चालू होता तर आताही चालू, आणि अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा, जोडांखाली घालायला. जाहिरातीचा आवाज भागापेक्षा चढा ठेवायचा नाही. आम्ही अख्खा भाग -16 LUFS च्या आसपास ठेवतो आणि जाहिरात त्याच मापात. खाली संगीत घालू नका. कंपनीने स्वतःची धून पाठवली असेल तर ती ‘झाली जाहिरात’च्या आधी दोन सेकंद, त्याहून जास्त नाही.

जमलं की नाही हे स्टुडिओत कळत नाही, कारण तुम्ही मसुदा वीस वेळा वाचलेला असतो. मी तीन माणसांना अख्खा भाग पाठवते, जाहिरातीचा उल्लेख न करता. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारते, मधे जाहिरात कशाची होती आणि त्यात काय होतं? माझ्या आत्येबहिणीला कंपनीचा पहिला मसुदा ऐकवला होता तेव्हा ती म्हणाली होती, ‘डबा होता बहुतेक. स्टीलचा ना?’ या वेळी तिने आधी स्वतःच्या मुलाच्या डब्याची रिंग कशी निघत नाही ते सांगितलं, मग जीभ, मग जरा विचार करून नाव. नाव असं मागून येत असेल तर काम झालं. गोष्ट आली आणि नाव आलंच नाही, तर शेवटचं नाव तपशिलाच्या आणखी जवळ सरकवा. तपशीलही आला नाही, तर शब्दांशी खेळू नका, होस्टला पुन्हा फोन करून काल वस्तूचं काय केलं ते विचारा.

तीच जाहिरात चार भागांत जाणार असेल तर एकच रेकॉर्डिंग चार वेळा वाजवू नका. जीभ तीच, प्रसंग दुसरा. तिसऱ्या भागात ताईच्या सुनेने रिंग उलटी बसवली होती आणि डबा लागेना, ते आम्ही तसंच सांगितलं. कंपनी आधी बिचकली, मग त्यांनीच वर्णनात ‘जीभ बाहेरच्या बाजूला’ अशी ओळ घालायला सांगितली.

ही पद्धत जिथे वस्तू हातात घेता येते तिथे चालते. विमा किंवा म्युच्युअल फंड आला तर वैधानिक इशारा शब्दशः वाचावा लागतो, त्यात ताईपण आणायला जाऊ नका. तो इशारा सरळ, नेहमीच्या वेगाने वाचायला सांगा आणि होस्टची गोष्ट त्याच्या आधी पूर्ण संपवा. आणि होस्टला तीन आठवड्यांत सांगण्यासारखं काहीच सापडलं नाही, असंही होतं. तेव्हा मी कंपनीला तसं कळवते आणि त्यांच्याच माणसाच्या आवाजात तयार जाहिरात मागवते. ताई फक्त म्हणते, ‘आता एक जाहिरात ऐका.’